चौदा दिवस फुकट, पंधराव्याचं बघू

मराठीत एम.ए. केल्याचा मला नोकरीत एकदाच उपयोग झाला, आणि तो कंपनीच्या पचनी फारसा पडला नाही.

कंपनी म्हणजे चिंचवडला टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर बसणारी आम्ही अकरा माणसं. आम्ही एक ॲप विकायचो. चाकण-भोसरीच्या कारखान्यांना जेवण पुरवणाऱ्या खानावळींसाठी होतं ते. उद्या कुठल्या शिफ्टला किती ताटं लागणार हे खानावळीला आदल्या दिवशी कळावं, म्हणजे भात वाया जात नाही आणि वरणात ऐनवेळी पाणी वाढवावं लागत नाही, एवढाच उद्देश. कामगार फोनवर 'जेवणार' असं बटण दाबायचा, त्याला ठिपक्याठिपक्यांचं एक कुपन यायचं, ते काउंटरवर स्कॅन व्हायचं. महिन्याअखेर त्याचा रिपोर्ट निघायचा. ॲप चांगलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात ॲपचा काही दोष नाही.

मी मदत विभागात होते. मदत विभाग म्हणजे मी आणि एक हेडफोन.

एक दिवस सरांनी बोलावलं. सर म्हणजे मालक. म्हणाले, "तुझं मराठी चांगलं आहे ना? आपल्या फ्री ट्रायलच्या अटी मराठीत करून टाक. दोन पानंच आहेत."

दोन पानं करायला मला चार दिवस लागले. इंग्रजी येत होतं. पण वाक्यं वाचून काय म्हणायचंय तेच कळत नव्हतं. शेवटी मीही त्याच जातीची वाक्यं लिहिली. 'चाचणी कालावधी समाप्त होताच आपली सदस्यता निवडलेल्या सशुल्क योजनेत सुरळीतपणे रूपांतरित होईल.' 'उपलब्ध सुविधा योजनेनुसार भिन्न असू शकतात.' 'कालावधी समाप्तीच्या तीन दिवस अगोदर नोंदणीकृत ईमेलवर स्मरणसूचना पाठवण्यात येईल.' वाचून सर खूश झाले. म्हणाले, "एकदम सरकारी वाटतंय." मलाही बरं वाटलं, हे कबूल करते.

आमच्याकडे एक ग्रोथ हेड होता. मराठी वेबसाइटवर प्रत्येकाचा हुद्दा मराठीत द्यायचा होता, म्हणून मी त्याचं 'वाढप्रमुख' केलं. खानावळींच्या ॲपमध्ये वाढप्रमुख म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. आठवड्याच्या आत सगळं ऑफिस त्याला वाढपी म्हणायला लागलं. त्याला त्याचं काही नव्हतं. तो अमरावतीकडचा, हसरा, अंगात न थकणारा उत्साह असलेला माणूस होता. पण ट्रायल या गोष्टीबद्दल त्याचं एक तत्त्व होतं. "लोकांना सोडायची आठवण करून द्यायची नसते. राहायची सवय लावायची असते."

त्याने मोशीला एका हॉलमध्ये खानावळवाल्यांना बोलावलं. वडापाव, चहा, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'चौदा दिवस फुकट'. तिथल्या तिथे तीस-पस्तीस जणांची नोंदणी झाली. नोंदणीत युपीआयवर ऑटो-पेची परवानगी द्यावी लागायची. म्हणजे चौदा दिवस काही कापायचं नाही, पंधराव्या दिवसापासून दर महिन्याला आपोआप. वाढपी विजयी मुद्रेने परत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला.

"ताई, मी चाकणवरनं बोलतीय, मेसवाली. काल फुकट म्हनले ना तुमचे साहेब? मग माजे दोन रुपये कुठं गेले?"

मी सांगितलं की ऑटो-पे नीट जोडलं गेलंय का हे बघायला दोन रुपये कापतात, ते परत येतात.

"आन् हितं पाच हजारांपर्यंत असं लिव्हलंय, ते काय?"

"ती वरची मर्यादा आहे, मावशी. तेवढे कापणार नाहीत, त्याच्यावर कापता येणार नाहीत."

"म्हंजी कुंपण हाय."

"हो."

"मग कापनार किती?"

मी त्यांचं खातं उघडलं. खाली योजनेसमोर 'मोठी' असं होतं. आमच्या तीन योजना होत्या, छोटी, मधली आणि मोठी. मोठी योजना दोन हजार ताटं असणाऱ्या कंत्राटदारांसाठी. मावशींकडे एकशेदहा ताटं. मी विचारलं, "मावशी, मोठी योजना तुम्ही निवडलीत?"

"मी कशाला निवडू? मी वडापाव खात हुते."

निवडलेली योजना म्हणजे कुणीही न निवडलेली योजना, हे मला त्या दिवशी कळलं. फॉर्ममध्ये मोठीवर खूण आधीच करून ठेवलेली होती. मावशींना सांगितलं, चौदा दिवसांच्या आत कधीही बदलता येईल, बंदही करता येईल, आणि मधेच बंद केलं तरी उरलेले दिवस ॲप चालू राहील. तेवढ्यात त्यांचे दोन रुपये परत आले. "आले," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्या रोज फोन करायच्या, दुपारी साडेतीनला, पहिल्या शिफ्टची जेवणं उरकल्यावर. तक्रार नसायची. मी लिहिलेलं अटींचं पान त्या रोज थोडं थोडं वाचत होत्या. ते पूर्ण वाचणारी त्यांच्याशिवाय दुसरी व्यक्ती मला आजवर भेटलेली नाही. आमचे सरसुद्धा 'एकदम सरकारी' म्हणाले ते पहिल्या परिच्छेदावरूनच.

"ताई, रूपांतरित म्हंजी?"

"म्हणजे फुकटचं विकतचं होणार."

"मग तसं लिव्हायचं ना. आन् सुरळीत कुनाच्या बाजूनं? तुमच्या का आमच्या?"

एकदा म्हणाल्या, रिपोर्ट दिसतोय पण छापला की आडवं 'नमुना' असं येतंय, कंपनीच्या साहेबाला देऊ कसा? मी सांगितलं, ट्रायलमध्ये रिपोर्ट बघायला मिळतो, वापरायला नाही. आणि पन्नासपर्यंतच माणसं नोंदवता येतात.

"माज्याकडं एकशेदहा हायेत. साठ जनांना काय सांगू, तुमी बिनमोजणीचे जेवा?"

हेही पानावर होतं. 'मर्यादित वापरासाठी', एवढंच.

अकराव्या दिवशी फोन आला तो दुपारी नव्हे, सकाळी.

"ताई, आज तुमची आठवण यायची हुती. तीन दिवस आगुदर. आली न्हाई."

मी सिस्टीममध्ये बघितलं. आठवणीचा मेल सकाळी सहा वाजता गेलेला होता. पाठवला, पोहोचला, उघडलेला नाही. मी मावशींना सांगणार होते की मेल बघा, तेवढ्यात माझं लक्ष पत्त्याकडे गेलं. तो पत्ता मी रोज बघत होते. वाढप्याचा होता. नावापुढे अधिकचं चिन्ह आणि सतरा.

मी बाकीचे उघडले. अधिक एक, अधिक दोन, अधिक तीन, थेट तेहतीसपर्यंत. मोशीच्या हॉलमध्ये बऱ्याच जणांना ईमेल नव्हता, ज्यांना होता त्यांना आठवत नव्हता, आणि फॉर्म ईमेलशिवाय पुढे जात नव्हता. तेव्हा वाढप्याने सगळ्यांच्या नोंदणीत स्वतःचाच पत्ता घातला होता, पुढे वेगवेगळा आकडा जोडून; असा आकडा जोडला तरी मेल मूळ पत्त्यावरच येतो. तेहतीस खानावळवाल्यांना जायच्या तेहतीस आठवणी त्या सकाळी एकाच माणसाकडे आल्या होत्या. आणि आपल्याच कंपनीचे मेल नकोसे होतात म्हणून त्याने ते परस्पर एका फोल्डरमध्ये जायची सोय करून ठेवली होती.

मी सरांकडे गेले. वाढपीही तिथेच होता. मी सगळं सांगितलं.

सरांनी विचारलं, "अटींत काय लिहिलंय?"

"नोंदणीकृत ईमेलवर आठवण पाठवण्यात येईल."

"मग पाठवली ना?"

"ह्यांना पाठवली, सर."

"पण नोंदणीकृत ईमेल तोच आहे."

वाढपी म्हणाला, "ॲप उघडलं की वर पिवळी पट्टी पण येते. 'तीन दिवस शिल्लक'. आपण काही लपवलेलं नाही."

"ॲप उघडलं तर. आणि सर, सगळ्यांच्या नावावर मोठी योजना आहे."

"त्यांनी परवानगी दिलीय," वाढपी म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. तेच तर अवघड होतं. त्या खोलीत कुणीच खोटं बोलत नव्हतं. मी लिहिलेलं पान मधे टेबलावर होतं आणि त्यातलं प्रत्येक वाक्य अक्षरशः खरं होतं.

सर म्हणाले, "तू असं कर, त्या बाई फार फोन करतायत ना, त्यांना जाऊन भेट. एक गिऱ्हाईक टिकलं पाहिजे."

बाकीच्या बत्तीस जणांना मी फोन करू का, असं विचारलं. वाढपी म्हणाला, "सपोर्टचं काम फोन घेणं आहे, करणं नाही."

बाराव्या दिवशी मी चाकणला गेले. चौकात नेहमीप्रमाणे कंटेनर आडवा झाला होता, त्यामुळे शेवटचा दीड किलोमीटर चालले. मेस म्हणजे घराच्या मागे पत्र्याची लांब शेड, चार मोठ्या शेगड्या, आणि भाकऱ्या थापणाऱ्या तीन बायका. मावशी पन्नाशीच्या, ठेंगण्या, कपाळावर घाम. मला बघून म्हणाल्या, "तू व्हय? आवाजावरनं म्हातारी वाटली हुतीस." आणि न विचारता समोर ताट ठेवलं.

मी म्हटलं, "मावशी, आठवण आमच्याच माणसाकडे गेली. चूक आमची आहे." असं सांगायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या हसल्या. "मला ठावं हुतं म्हनून मी कॅलेंडरवर लिव्हून ठिवलं. गॅसच्या टाकीच्या खाली." भिंतीवरच्या कॅलेंडरवर खरंच एका चौकोनात 'टाकी' आणि दोन चौकोन खाली 'फुकट संपतंय' असं होतं.

मग म्हणाल्या, "आमी पन ट्रायल देतो की. नवीन पोरगं कंपनीत लागलं, रूमवर ऱ्हायला आलं, की म्हनतं मावशी चव बघू का? मी म्हनते, तीन दिवस जेव. भाजी, भाकर, वरन, भात, समदं. अंडं आन् मटन न्हाई, ते महिना लावल्यावर, हे पैल्याच दिवशी तोंडावर सांगते. चौथ्या दिवशी मीच विचारते, काय रं, लावतूस का? न्हाई म्हनला तर न्हाई. गप ऱ्हायला तर न्हाईच समजायचं. तुमचं उलटं हाय. गप ऱ्हायला की व्हय."

मी आमटीत भाकरी कुस्करत राहिले.

जेवण झाल्यावर आम्ही फोन उघडला. मोठी योजना काढून छोटी लावली. 'बदल ट्रायल संपल्यावर लागू होईल' असं आलं. मावशींनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "आन् ती कुपनं? ठिपक्यांची? पोरांना लई आवडलीत ती. ती ऱ्हातील ना?"

मी म्हणणार होते, राहतील. पण त्यांच्यासमोर अंदाजाने बोलायची हिंमत होईना. म्हणून योजनांचा तक्ता शोधला. तो फक्त इंग्रजीत होता, आणि फोनवर बोट आडवं सरकवल्याशिवाय तिसरा रकाना दिसत नव्हता. तिसऱ्या रकान्यात कुपनांसमोर छोट्या योजनेला फुली होती. कुपनं मधल्या योजनेपासून पुढे. ट्रायलमध्ये मोठ्या योजनेतलं सगळं चाखायला दिलेलं होतं. छोटी घेतली की पंधराव्या दिवशी सकाळी कुपनं गायब.

"ह्ये लिव्हलंय कुठं?" मावशींनी विचारलं. रागाने नाही, खरंच विचारलं.

लिहिलेलं होतं. मीच लिहिलं होतं. 'उपलब्ध सुविधा योजनेनुसार भिन्न असू शकतात.' चौथ्या दिवशी त्यांनी ते वाक्य फोनवर मला वाचून दाखवलं होतं आणि मी म्हटलं होतं, ते असंच असतं, त्यात काही विशेष नाही.

हे मी त्यांना सांगितलं. भाकरी थापणारी एक बाई न वळता म्हणाली, "म्हंजी मटन खायला घातलं आन् मग म्हनले ते चवीपुरतं हुतं."

मधली योजना घेता का, असं मी विचारलं नाही. मावशींनीच थोडा विचार केला आणि म्हणाल्या, मोजणी तेवढी पाहिजे. रात्री साडेनवाला उद्याचा आकडा कळतो, त्याने माझं दोन किलो पीठ वाचतं. कुपनाचं मी बघते. त्यांच्या दिराचं जवळच पत्रा कापायच्या प्रेसचं छोटं वर्कशॉप होतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी उरलेल्या पत्र्यातून एकशेदहा गोल बिल्ले पाडून घेतले, प्रत्येकावर नंबर ठोकलेला.

चौदाव्या दिवशी सकाळी मी ऑफिसात शिरले तेव्हा फोन आधीच वाजत होता.

झालं असं होतं की ऑटो-पेने पैसे कापायच्या आधी निदान चोवीस तास खातेदाराला तसा मेसेज जावाच लागतो. तो काही आमच्या हातात नसतो. बँकेकडून जातो, थेट फोनवर, साध्या भाषेत: उद्या तुमच्या खात्यातून अमुक रुपये या कंपनीला जातील, नको असेल तर रद्द करा. त्याला ईमेल लागत नाही, पिवळी पट्टी लागत नाही. मोशीला सगळ्यांनी एकाच दिवशी नोंदणी केली होती, म्हणून बत्तीस जणांना तो एकाच सकाळी आला. मोठ्या योजनेच्या पूर्ण रकमेसकट.

निगडीचा एक कंत्राटदार मला नऊ मिनिटं बोलला. त्यातली सात मिनिटं माझ्या आईवडिलांबद्दल होती. बहुतेकांनी फोनही केला नाही. त्यांनी युपीआय ॲपमध्ये जाऊन परवानगीच रद्द करून टाकली. दुपारपर्यंत आमच्या पडद्यावर एकवीस जणांसमोर 'रद्द' आलं होतं. ज्यांचे फोन आले त्यांना मी योजना बदलायची कशी ते सांगितलं, आणि छोट्या योजनेत कुपनं नाहीत हेही सांगितलं, न विचारता. त्यातले पाच जण राहिले.

वाढपी माझ्या टेबलाशी येऊन उभा होता. त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. म्हणाला, "ही बँक मधे कशाला बोलते?"

"मधे नाही बोलत, आधी बोलते," मी म्हटलं.

"मेसेजची भाषा बघ. काही भावनाच नाही. 'रद्द करा' असं सरळ लिहिलंय! एवढं सरळ कोण लिहितं?"

पंधराव्या दिवशी मेसेज न बघितलेल्या सहा जणांचे पैसे कापले गेले. त्यातल्या चौघांनी परत मागितले. अटींप्रमाणे परत द्यायची गरज नव्हती. पण खानावळवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यावर आमचं नाव फिरायला लागलं होतं, हे कळल्यावर सरांनी चौघांचेही परत केले. मावशींचे कापले गेले ते छोट्या योजनेचे. त्यांनी मला फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "बरुबर कापले."

त्या आठवड्यात मी कुणाला न विचारता अटींचं पान पुन्हा लिहिलं. दोन पानांच्या बारा ओळी झाल्या. चौदा दिवस फुकट. पन्नास माणसांपर्यंत. रिपोर्ट दिसेल, पण छापला तर 'नमुना' येईल. ट्रायलमध्ये कुपनं मिळतील. छोटी योजना घेतलीत तर नंतर मिळणार नाहीत. आधीपासून मोठीवर खूण असेल, ती तुम्ही बदला. सुरुवातीला दोन रुपये जातील आणि परत येतील. तीन दिवस आधी मेल येईल, म्हणून मेल स्वतःचाच द्या. दुसऱ्या कुणी भरला असेल तर आम्हाला फोन करा. एक दिवस आधी बँकेचा मेसेज येईल. काहीच केलं नाहीत तर पंधराव्या दिवशी पैसे कापले जातील. नको असेल तर सेटिंगमध्ये योजना, तिथे खाली 'बंद करा'; उरलेले दिवस तरीही तुमचेच.

सरांनी वाचलं. या वेळी शेवटपर्यंत वाचलं, कारण शेवट लवकर येत होता. म्हणाले, "यात तर सगळं सांगूनच टाकलंय."

"हो सर."

त्यांनी पान परत माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "टाक. मराठी पान बघतंय कोण? पण इंग्रजीला हात लावू नकोस."

त्यामुळे काही महिने आमच्या कंपनीच्या दोन तऱ्हेच्या अटी होत्या. मराठीत काय होणार ते कळायचं, इंग्रजीत आपण किती प्रतिष्ठित कंपनीशी व्यवहार करतोय ते कळायचं. फोन कमी झाले. मराठीतून नोंदणी करणाऱ्यांत पंधराव्या दिवसानंतर टिकणारे जास्त निघाले. वाढप्याने तो आलेख मीटिंगमध्ये स्वतःच्या नावाने दाखवला आणि मी तो दाखवू दिला. खरं म्हणजे मला हा माणूस आवडायला लागला होता. त्याने फॉर्ममधला ईमेलचा सक्तीचा रकाना काढून फोन नंबर टाकला होता, तेही स्वतःहून.

मग कुणीतरी वकिलाला दोन्ही पानं दाखवली. वकील म्हणाले, दोन्हींत फरक आहे, हे धोक्याचं आहे. एक पान दुसऱ्यासारखं करून घ्या. कुठलं कुठल्यासारखं करायचं यावर दोन मीटिंगा झाल्या. शेवटी कुठलंच बदललं नाही. मराठी पानाच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ टाकायचं ठरलं, की दोन्हींत तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल. ती ओळ टाकायचं काम माझ्याकडे आलं.

मी टाकली, सांगितली तशी, बारीक अक्षरांत. आणि तिच्याखाली मराठीत, बाकीच्या ओळींएवढ्याच अक्षरांत लिहिलं: 'वरच्या इंग्रजी ओळीचा अर्थ असा, की भांडण झालं तर हे पान धरणार नाहीत. म्हणून बँकेचा मेसेज नीट वाचा.'

मी ती नोकरी सोडून दोन वर्षं झाली. परवा सहज बघितलं, तर ओळ अजून तिथेच आहे.